परिच्छेदातली एसओपी पायऱ्यांमध्ये कशी बदलायची: दूध शीतकरण केंद्राचं एक उदाहरण

बहुतेक ठिकाणी एसओपी, म्हणजे काम करायची ठरलेली लेखी पद्धत, असते, पण ती फाइलमध्ये असते. काम करणारा माणूस ती वाचत नाही, कारण हात ओले असताना आठ ओळींच्या परिच्छेदातून आपल्याला हवं ते वाक्य शोधणं जमत नाही. मग कुणीतरी ठरवतं की याचे मुद्दे पाडूया. प्रत्येक वाक्यापुढे आकडा टाकला जातो आणि काम झालं असं समजलं जातं. ते झालेलं नसतं. वाक्यात दडलेले निर्णय तसेच दडलेले राहतात, फक्त आता त्यांना क्रमांक मिळालेला असतो.

ही दुरुस्ती नीट कशी करायची ते एकाच उदाहरणावरून पाहू. एक बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करणारी मोठी टाकी, असलेलं दूध शीतकरण केंद्र घ्या. आसपासच्या गावांतून गायीच्या दुधाचे ४० लिटरचे कॅन इथे येतात. टेस्टर दूध तपासतो, हेल्पर कॅन उचलतो, ओततो, धुतो. दूध स्वीकारण्याची लेखी पद्धत पुढे दिली आहे. त्यातली डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवर दिसणारा दुधाच्या घनतेचा आकडा, आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग:

> दूध केंद्रावर आल्यानंतर कॅन स्वच्छ असल्याची खात्री करून झाकण उघडून दुधाचा वास व रंग तपासण्यात यावा. दूध व्यवस्थित ढवळून नमुना घेऊन तापमान व डिग्री पाहून फॅट काढण्यात यावे. शंका आल्यास उकळण्याची चाचणी करण्यात यावी व चाचणी सदोष आल्यास दूध स्वीकारू नये. एसएनएफ कमी आढळल्यास सुपरवायझरला कळवून योग्य तो निर्णय घेण्यात यावा. वजन करून दूध बल्क कूलरमध्ये ओतण्यापूर्वी गाळून घ्यावे. कूलरचे तापमान नियमितपणे तपासावे व जास्त असल्यास आवश्यक ती कार्यवाही करावी. सर्व नोंदी रजिस्टरमध्ये ठेवण्यात याव्यात.

वाचायला हे ठीक वाटतं, आणि जुन्या टेस्टरला यात काही कमी आहे असं वाटणारही नाही. त्याच्या डोक्यात उरलेलं सगळं आहे. आपल्याला ते डोक्यातलं कागदावर आणायचं आहे.

पहिलं काम: ‘ऊन’ आणि ‘ल्यास’ यांच्यावर खुणा करा

परिच्छेदाची छापील प्रत घ्या आणि दोन रंगांची पेनं. नवीन काही लिहू नका.

निळ्या पेनाने प्रत्येक ‘-ऊन’वर गोल करा: करून, उघडून, ढवळून, घेऊन, पाहून, कळवून, करून, गाळून. कार्यालयीन मराठीची ही सवयच आहे. चार कामं एकामागून एक ‘ऊन’ लावून ओवायची आणि शेवटी एकच क्रियापद ठेवायचं. वाचणाऱ्याला वाटतं वाक्यात एक काम आहे, कारण क्रियापद एकच दिसतं. ‘ढवळून नमुना घेऊन तापमान व डिग्री पाहून फॅट काढण्यात यावे’ या एका वाक्यात पाच कामं आहेत, आणि शेवटचं सोडून बाकीची सगळी घाईत गाळली जाऊ शकतात. विशेषतः ढवळणं. न ढवळता वरच्या वर नमुना घेतला तर साय नमुन्यात येते, फॅट खोटं जास्त लागतं, आणि पुढचे सगळे आकडे त्या चुकीवर उभे राहतात.

सगळेच ‘ऊन’ मात्र पायऱ्या नसतात. ‘गाळून घ्यावे’ हे जोडक्रियापद आहे, त्यात काम एकच: गाळणं. ओळखायची खूण सोपी आहे. ‘ऊन’ काढून तिथे आज्ञा लिहा आणि वाक्य तिथेच थांबवा. ‘दूध ढवळा.’ थांबता येतं, म्हणजे ही पायरी. ‘दूध गाळा. घ्या.’ दुसऱ्या तुकड्याला अर्थ उरत नाही, म्हणजे ते वेगळं काम नाही. वरच्या आठांपैकी सात खरे निघतात.

आता लाल पेनाने प्रत्येक ‘-ल्यास’वर गोल करा. शंका आल्यास, सदोष आल्यास, आढळल्यास, असल्यास. चार उघड निर्णय. प्रत्येकासाठी समासात लिहा: ‘आणि नसेल तर?’ परिच्छेद जवळजवळ नेहमी एकच फांदी सांगतो. चाचणी सदोष आली तर स्वीकारू नये, हे सांगितलं. चांगली आली तर पुढे कुठे जायचं, हे सांगितलेलं नाही.

यापेक्षा धोकादायक निर्णय ‘ल्यास’ न लावता बसलेले असतात. त्यांची ओळख म्हणजे ‘खात्री करणे’, ‘तपासणे’, ‘पाहणे’ ही क्रियापदं. ‘वास व रंग तपासण्यात यावा.’ तपासला. मग? तपासणी ही कधीच पूर्ण पायरी नसते, तिच्या पोटात निदान दोन उत्तरं असतात. या परिच्छेदात असे लपलेले निर्णय दोन आहेत, कॅन स्वच्छ आहे का आणि वास-रंग बरोबर आहे का. पहिल्यात तर आणखी गंमत आहे. कॅन भरलेला आलाय. आतून स्वच्छ आहे की नाही हे भरलेल्या कॅनमध्ये कुणाला दिसणार? फार तर झाकणाची आतली बाजू आणि तोंडाची कड पाहता येईल. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने ते काम मनातल्या मनातही करून पाहिलं नव्हतं.

शेवटी या शब्दांखाली दुहेरी रेघ ओढा: व्यवस्थित, योग्य, आवश्यक, नियमितपणे, शंका, कमी, जास्त. हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे एक आकडा किंवा एक नाव गायब आहे.

दुसरं काम: प्रश्नांची यादी, आणि उत्तरं स्वतः न देणं

नवखा माणूस इथे सगळ्यात मोठी चूक करतो. ‘व्यवस्थित ढवळून’ असं दिसलं की स्वतःच्या अंदाजाने ‘५ वेळा ढवळून’ लिहून टाकतो. एकदा छापलं गेलं की तो अंदाज नियम होतो आणि कुणी विचारत नाही की हा आकडा आला कुठून.

रेघ ओढलेल्या प्रत्येक शब्दाचा एक प्रश्न करा, आणि समोर कुणाला विचारायचं ते लिहा. वजन, कॅन हाताळणी यांचे प्रश्न हेल्परला. चाचण्यांच्या मर्यादा गुणवत्ता पाहणाऱ्या अधिकाऱ्याला. दर आणि कपात दूध संघाच्या कार्यालयाला. शक्य असेल तर एक पूर्ण सकाळची पाळी ओट्यावर उभं राहून पाहा. लोक सांगतात एक आणि हात करतात दुसरं. त्यात बऱ्याचदा हातांचं बरोबर असतं.

आपल्या उदाहरणातला सगळ्यात कठीण शब्द आहे ‘शंका’. तो उकलून पाहू.

टेस्टरला विचारलं, ‘शंका कधी येते?’ तर उत्तरं येतात: आंबूस वास आला, उन्हाळ्यात गाडी उशिरा आली, दुधाला रॉकेलसारखा वास आला, दुधात लालसर झाक दिसली. चारही शंकाच. पण उकळण्याची चाचणी यातल्या पहिल्या दोनांवरच उत्तर देते. दुधात आम्लता वाढली असेल तर ते तापवल्यावर फाटतं, म्हणून आंबटपणा आणि उशीर यांसाठी ही चाचणी बरोबर. रॉकेलचा वास असलेलं दूध उकळलं तरी फाटणार नाही. चाचणी ‘पास’ होईल आणि परिच्छेदातल्या नियमाप्रमाणे ते दूध कूलरमध्ये जाईल, जिथे आधीच हजार लिटर चांगलं दूध आहे.

म्हणजे ‘शंका आल्यास’ हा एक निर्णय नव्हता, दोन होते. एक असा, ज्याचं उत्तर मिळाल्यावर थेट नकार द्यायचा. दुसरा असा, ज्यानंतर चाचणी करायची. परिच्छेद पायऱ्यांत बदलताना अशी जोडलेली गाठ सापडली की थांबा. प्रत्येक कारणापुढे विचारा: ‘पुढची कृती या कारणाला लागू पडते का?’ लागू पडत नसेल तर ते कारण वेगळ्या निर्णयात जातं.

तिसरं काम: कशापासून कशापर्यंत

परिच्छेदाचं शेवटून दुसरं वाक्य पाहा: ‘कूलरचे तापमान नियमितपणे तपासावे.’ हे वाक्य इथलं नाही.

बाकी सगळी कामं कॅन आला की सुरू होतात. कूलरचं तापमान मात्र कॅन आला म्हणून नाही, ठरलेली वेळ झाली म्हणून तपासायचं असतं. शिवाय कोमट दूध नुकतंच ओतलेलं असताना कूलरचा आकडा वर जाणारच. त्याच क्षणी ‘जास्त आहे’ म्हणून कार्यवाही सुरू केली तर रोज सकाळी खोटा गोंधळ. तिथे पाहायचं असतं ते वेगळं, शेवटचा कॅन ओतल्यावर ठरलेल्या वेळात दूध ४ अंश सेल्सिअसवर आलं का. जिथे सुरुवातीचा इशारा वेगळा तिथे एसओपी वेगळी. ते वाक्य उचला, नव्या कागदावर ठेवा आणि त्याला नाव द्या: ‘कूलर तापमान तपासणी.’

मग आपल्या एसओपीच्या डोक्यावर दोन ओळी लिहा. सुरुवात: कॅन ओट्यावर ठेवला. शेवट: रजिस्टरमधली त्या कॅनची ओळ पूर्ण भरली, कॅन रिकामा किंवा लाल पट्टी बांधून बाजूला. या दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात, पण पुढे ‘हे यात घ्यायचं का’ या वादाचा निकाल त्याच लावतात.

‘सर्व नोंदी रजिस्टरमध्ये’ हे शेवटचं वाक्य मात्र याच एसओपीचं आहे. फक्त ते शेवटी ठेवायचं नाही. शेवटी नोंद म्हटलं की माणूस दहा कॅन झाल्यावर दहा ओळी आठवणीतून भरतो. नोंद ज्या कामाची, त्या पायरीतच ती लिहायला सांगा.

चौथं काम: क्रम

परिच्छेदात क्रम दोन ठिकाणी वाकडा आहे. एक दिसतो: ‘ओतण्यापूर्वी गाळून घ्यावे.’ ओतण्याचा उल्लेख आधी, गाळण्याचा नंतर. ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘दरम्यान’ हे शब्द पायऱ्यांच्या एसओपीत आले की समजा क्रम चुकलाय. क्रमांक असताना ते लागतच नाहीत.

दुसरा वाकडेपणा चटकन दिसत नाही. फॅट आधी काढलं जातं, उकळण्याची चाचणी नंतर. आंबलेलं दूध फॅट मशीनमध्ये गेलं तर आतल्या बारीक नळीत गुठळी धरते आणि मशीन अडतं. म्हणून उकळण्याची चाचणी फॅटच्या आधी हवी. सर्वसाधारण नियम म्हणून इतकं धरा: ज्या निर्णयाने काम तिथेच थांबू शकतं, तो निर्णय जमेल तितका आधी. नाकारायच्या दुधाचं फॅट काढून उपयोग नाही.

पाचवं काम: लिहिणं

आता लिहा. प्रत्येक कामापुढे ते करणारा माणूस आणि सरळ आज्ञा. ‘करण्यात यावे’ टाळा, कारण त्यात करणारा दिसत नाही. ‘वजन करण्यात यावे’ म्हटलं की टेस्टरला वाटतं हेल्पर करेल आणि हेल्परला वाटतं टेस्टर. ‘हेल्पर: कॅन काट्यावर ठेवा’ असं सरळ लिहा. काही कार्यालयांना ‘ठेवा’ उद्धट वाटतं आणि ‘ठेवावा’ हवं असतं. चालेल, पण एकच रूप शेवटपर्यंत ठेवा.

निर्णयाची पायरी वेगळी दिसली पाहिजे. तिची सुरुवात ‘निर्णय’ या शब्दाने करा. पुढे एकच प्रश्न, ज्याचं उत्तर पाहून, मोजून किंवा वास घेऊन देता येतं. त्याखाली प्रत्येक उत्तराची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कुठे जायचं तो क्रमांक. ‘पुढे जा’ असं लिहू नका, ‘पायरी ७ वर जा’ लिहा.

आपली एसओपी अशी उतरते. मर्यादांचे आकडे या केंद्राने ठरवलेले आहेत असं धरा. तुमच्या केंद्राचे वेगळे असतील.

> १. टेस्टर: कॅन क्रमांक आणि आल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहा.
>
> २. टेस्टर: झाकण उघडा आणि लगेच वास घ्या. मग झाकणाची आतली बाजू आणि दुधाचा रंग पाहा.
> *(झाकणाखाली कोंडलेला वास थोड्याच वेळात उडून जातो.)*
>
> ३. निर्णय: परका वास (रॉकेल, औषध, धूर), लालसर झाक, किंवा झाकणाच्या आत घाण, यांपैकी काही आहे का?
> हो: पायरी १४ वर जा.
> नाही: पायरी ४ वर जा.
> सांगता येत नाही: दुसऱ्या टेस्टरला किंवा सुपरवायझरला वास घ्यायला सांगा. तरीही ठरत नसेल तर ‘हो’ धरा.
>
> ४. हेल्पर: ढवळायचा प्लंजर तळापर्यंत नेऊन १० वेळा खाली-वर करा.
>
> ५. निर्णय: आंबूस वास आहे, किंवा धार काढून ३ तासांपेक्षा जास्त वेळ झाला आहे का?
> हो, किंवा वेळ माहीत नाही: पायरी ६ वर जा.
> नाही: पायरी ८ वर जा.
>
> ६. टेस्टर: कॅनला पिवळी पट्टी बांधा. परीक्षानळीत ५ मिली दूध घ्या आणि नळी उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवा. नळी हलवू नका.
>
> ७. निर्णय: नळी बाहेर काढून आडवी करा. काचेवर कण किंवा गुठळ्या दिसतात का?
> हो: रजिस्टरमध्ये ‘फाटले’ लिहा. पायरी १४ वर जा.
> नाही: रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहा, पिवळी पट्टी सोडा. पायरी ८ वर जा.
>
> ८. टेस्टर: नमुना घ्या. तापमान आणि लॅक्टोमीटरची डिग्री वाचून लिहा.
>
> ९. टेस्टर: फॅट मशीनवर फॅट काढा आणि लिहा. मशीन बंद असेल तर ‘गर्बर पद्धतीने फॅट’ ही एसओपी वापरा आणि पायरी १० वर या.
>
> १०. टेस्टर: भिंतीवरच्या तक्त्यावरून एसएनएफ काढा. दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा.
>
> ११. निर्णय: एसएनएफ किती?
> ८.५० किंवा जास्त: पायरी १२ वर जा.
> ८.३० किंवा जास्त, पण ८.५० पेक्षा कमी: रजिस्टरमध्ये ‘कपात’ लिहा. पायरी १२ वर जा.
> ८.३० पेक्षा कमी, पहिल्यांदा: ‘फेर’ लिहा. पायरी ४ वरचं ढवळणं पुन्हा करा, मग थेट पायरी ८ वर जा.
> ८.३० पेक्षा कमी, ‘फेर’ लिहिलेलं असताना: पायरी १४ वर जा.
>
> १२. हेल्पर: कॅन काट्यावर ठेवा. टेस्टर: वजन लिहा.
>
> १३. हेल्पर: कूलरच्या तोंडावर गाळणी बसवा. दूध गाळणीतून ओता. टेस्टर: ओळीवर सही करा. इथे काम संपलं.
>
> १४. नकार. हेल्पर: कॅनला लाल पट्टी बांधा, ओट्यावरून खाली वेगळ्या जागी ठेवा. टेस्टर: कारण आणि वेळ लिहा, सुपरवायझरला फोन करा. दूध कूलरमध्ये ओतू नका. इथे काम संपलं.

परिच्छेद सात वाक्यांचा होता, ही पद्धत एका पूर्ण पानाची झाली. ‘एवढं मोठं कशाला’ ही तक्रार येणारच. पण टेस्टरला कधीच पूर्ण पान वाचायचं नसतं. चांगला कॅन आला तर तो पायरी ६, ७ आणि १४ कडे पाहतसुद्धा नाही.

यातल्या दोन जागांवर थोडं रेंगाळू, कारण नव्या लिहिणाऱ्यांचे घोटाळे तिथेच होतात.

एसएनएफचा निर्णय: कडेवरचा आकडा

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो, आणि अन्नसुरक्षा नियमांत गायीच्या दुधासाठी किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ आहे. म्हणून निर्णयात ८.५० आणि ८.३० हे दोन उंबरठे आले. अशा वेळी लोक लिहितात: ‘८.५ पेक्षा जास्त असेल तर स्वीकारा, ८.५ पेक्षा कमी असेल तर कपात.’ बरोबर ८.५ आलं तर? दोन्ही ओळी त्याला लागू नाहीत. एका कॅनवर असा आकडा येतोच, आणि मग ओट्यावर वाद होतो. उंबरठ्याचा आकडा नेहमी एका आणि एकाच ओळीत टाका. ‘किंवा जास्त’ हे दोन शब्द त्यासाठी आहेत.

त्याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे किती दशांश. टेस्टरने ८.४६ ला ‘८.५’ असं लिहिलं तर कपात टळते, दुसऱ्या पाळीतल्या टेस्टरने ८.४६ च लिहिलं तर कपात लागते. दूध तेच. म्हणून पायरी १० मध्ये दोन दशांश स्थळं स्पष्ट सांगितली आहेत.

पायरी १० मध्ये तक्ता का, सूत्र का नाही, हे एका नमुन्यावर पाहा. या केंद्राचा लॅक्टोमीटर २७ अंशांवर बरोबर दाखवतो. दूध त्याहून गरम असेल तर प्रत्येक अंशाला डिग्रीत ०.२ मिळवायचे, थंड असेल तर वजा करायचे. समजा डिग्री २८ आली, दूध ३१ अंशांवर आहे आणि फॅट ३.६ आहे. हे केंद्र वापरतं ते सूत्र असं:

```
एसएनएफ = (दुरुस्त डिग्री ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४
```

चार अंशांची दुरुस्ती ०.८, म्हणजे दुरुस्त डिग्री २८.८. मग ७.२० + ०.९० + ०.४४ = ८.५४. पायरी ११ ची पहिली ओळ, कपात नाही. आता टेस्टर तापमानाची दुरुस्ती विसरला असं धरा: ७.०० + ०.९० + ०.४४ = ८.३४. दुसरी ओळ, कपात. एका विसरलेल्या बेरजेने शेतकऱ्याचे पैसे कापले गेले, आणि मूळ परिच्छेदात या दुरुस्तीचा एक शब्दही नव्हता. त्यात फक्त ‘तापमान व डिग्री पाहून’ होतं.

अशी आकडेमोड पायरीत कोंबू नका. तापमान, डिग्री आणि फॅट टाकल्यावर एसएनएफ देणारा तक्ता तयार करा, त्याच्या डोक्यावर सूत्र छापा आणि पायरीत फक्त ‘तक्त्यावरून काढा’ म्हणा. शेवटचा स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो. दुसऱ्या संघाचा तक्ता उचलून लावला तर उत्तर सरसकट सरकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

परत मागे जाणारी फांदी

पायरी ११ ची तिसरी ओळ मागे पाठवते. अशी प्रत्येक फांदी धोक्याची, कारण तिला शेवट नसेल तर मनासारखा आकडा येईपर्यंत कुणीही तपासतच राहील. चार वेळा तपासलं की एकदा ८.३० लागतंच. म्हणून मागे जाणाऱ्या फांदीत दोन गोष्टी हव्यात: किती वेळा, आणि तितक्या वेळा झाल्याचं कसं कळणार. ‘एकदाच तपासा’ हे सांगणं पुरत नाही. मध्ये दुसरा कॅन आला, टेस्टर बदलला, की एकदा झालं की नाही हे कुणाला आठवणार? रजिस्टरमधला ‘फेर’ हा शब्द त्यासाठी आहे. पायरी ६ मधली पिवळी पट्टीही त्याच कामाची. चाचणीची पाच मिनिटं हेल्पर रिकामा उभा राहत नाही, पुढचा कॅन ओट्यावर घेतो. पट्टी नसेल तर थांबलेला कॅन तपासलेल्या कॅनांच्या रांगेत सहज मिसळतो.

तिसऱ्या ओळीत आणखी एक बारकावा आहे: ढवळा आणि ‘थेट ८ वर जा’. नुसतं ‘पायरी ४ वर जा’ लिहिलं असतं तर त्या कॅनला पायरी ५ चा प्रश्न पुन्हा विचारला गेला असता, आणि पहिल्या फेरीत उकळून पाहिलेलं दूध परत उकळावं लागलं असतं.

सहावं काम: बोट ठेवून चाचणी

कागद तयार झाला की टेबलावर बसून पाच खोटे कॅन त्यातून चालवा. एक सगळ्या बाबतीत चांगला. एक रॉकेलच्या वासाचा. एक आंबूस, पण उकळल्यावर न फाटणारा. एक बरोबर ८.५० चा. एक दोन्ही वेळा ८.२१ चा. प्रत्येकाला ज्या पायऱ्या लागल्या त्यांचे क्रमांक ओळीत लिहा. चांगल्या कॅनची ओळ १-२-३-४-५-८-९-१०-११-१२-१३ अशी यायला हवी. पाच ओळी झाल्यावर पाहा, एखादी पायरी किंवा फांदी एकाही ओळीत आली नाही का? आपल्या पाच कॅनांत ‘सांगता येत नाही’, ‘फाटले’, ‘कपात’ आणि ‘मशीन बंद’ या फांद्या सुटतात, म्हणजे आणखी चार कॅन हवेत. कुठल्याच कॅनने कधीही न पोचता येणारी पायरी सापडली तर ती चुकून उरलेली आहे किंवा तिच्याकडे नेणारी ओळ विसरली आहे.

मग खरी चाचणी. दुसऱ्या पाळीतला किंवा नवा हेल्पर-टेस्टर घ्या, कागद हातात द्या आणि त्याला वाचत-वाचत एक खरा कॅन करू द्या. तुम्ही गप्प उभे राहा. तो जिथे वर पाहील, म्हणजे तुमच्याकडे बघून ‘मग आता?’ असं नजरेने विचारेल, त्या पायरीवर खूण करा. त्याला उत्तर द्या, पण उत्तर कागदातही टाका. अनुभवी टेस्टरवर ही चाचणी करून उपयोग नाही, तो कागदाऐवजी सवयीने चालतो आणि सगळं बरोबर आहे म्हणतो.

क्रमांक सांभाळणं

सहा महिन्यांनी कुणीतरी पायरी ४ आणि ५ च्या मध्ये एक पायरी घालतं. आपोआप क्रमांक पुढे सरकतात, पण ‘पायरी ८ वर जा’ हे हाताने टाइप केलेलं वाक्य तिथेच राहतं, आणि आता ८ म्हणजे ‘काचेवर कण दिसतात का’ हा निर्णय असतो. ज्या कॅनची नळी उकळायला ठेवलीच नाही, त्याला हा प्रश्न विचारला जातो. ही चूक फार सामान्य आहे.

वर्डमध्ये लिहीत असाल तर पायऱ्यांना आपोआप क्रमांक द्या आणि ‘पायरी ८’ मधला आकडा हाताने टाइप न करता `References` मधल्या `Cross-reference` ने घाला. बदल केल्यावर सगळा मजकूर `Ctrl+A` ने निवडून `F9` दाबा, म्हणजे ते आकडे नवे होतात. `F9` विसरलात तर जुनेच छापले जाऊ शकतात. याशिवाय नकारासारख्या मुक्कामाला क्रमांकासोबत नाव असू द्या. क्रमांक चुकला तरी ‘नकार’ हा शब्द माणसाला योग्य जागी नेतो. कागदाच्या खाली आवृत्ती आणि तारीख छापा, आणि प्रत्येक बदलानंतर ते पाच आणि चार असे नऊही कॅन पुन्हा एकदा चालवा.

नवा कागद लावायच्या दिवशी भिंतीवरचा जुना परिच्छेद उतरवा. ओट्याजवळचा, सुपरवायझरच्या टेबलाच्या काचेखालचा, आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलाही. तो तिसरा बहुतेक वेळा राहून जातो.